आवाज फुल आहे, तरी रिंग वाजत नाही? आधी वेळ विचारा

मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. "आवाज फुल आहे, पण फोन आला की वाजतच नाही. नंतर मिस्ड कॉल दिसतात." आणि फोन हातात घेऊन मी माझ्या नंबरवरून कॉल केला की तो खणखणीत वाजतो. गिऱ्हाईक ओशाळतं, घरी जातं, आणि चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन येतं. दुकानात वाजणारा आणि घरी न वाजणारा फोन स्पीकरमुळे तसा वागत नसतो. स्पीकरला दुकान आणि घर यातला फरक कळत नाही. असा फोन बहुतेक वेळा कुठल्या तरी वेळापत्रकाचं नाहीतर नियमाचं पालन करत असतो.

म्हणून सेटिंगमध्ये शिरण्याआधी थोडी चौकशी करायची. फोन करणाऱ्याला पलीकडून नेहमीसारखी रिंग ऐकू जाते का? जात असेल तर नेटवर्क ठीक आहे. सकाळचा अलार्म वाजतो का, यूट्यूबचा आवाज येतो का? येत असेल तर स्पीकरही ठीक आहे, कारण बहुतेक फोनमध्ये रिंगटोन, अलार्म आणि व्हिडिओ यांचा आवाज खालच्या त्याच मोठ्या स्पीकरमधून येतो. मग खरे प्रश्न तीन: कधी वाजत नाही, कोणाचा वाजत नाही, आणि साधा कॉल वाजत नाही की फक्त व्हॉट्सॲप. या तीन उत्तरांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

"आवाज फुल आहे" या वाक्याचीही जरा शहानिशा करावी लागते. अँड्रॉइडमध्ये गाणी-व्हिडिओ, चालू कॉल, रिंग आणि अलार्म यांचे आवाज वेगवेगळे असतात, आणि बऱ्याच फोनमध्ये नोटिफिकेशनचाही वेगळा असतो. 2018 साली आलेल्या अँड्रॉइड 9 पासून बाजूचं बटण दाबलं की एरवी गाण्या-व्हिडिओचा आवाज वाढतो, रिंगचा नाही. माणूस बटण दाबत राहतो, पट्टी वरपर्यंत भरलेली दिसते, आणि रिंगची पट्टी मात्र तळाशी तशीच असते. त्यामुळे बटण दाबल्यावर जी छोटी पट्टी येते तिच्या खालचं चिन्ह दाबून सगळ्या पट्ट्या उघडायच्या आणि घंटेचं किंवा फोनचं चित्र असलेली पट्टी बघायची. इथेच निकाल लागला तर उत्तम. ती पट्टीही भरलेली असेल, तर मात्र पुढे वाचा.

आप्पांचा फोन हे याचं चांगलं उदाहरण आहे. आप्पा गावात दूध संकलन केंद्र चालवतात. पहाटे साडेचारच्या सुमारास टेम्पोवाला निघताना फोन करतो आणि तो फोन वाजत नाही. एका दुकानात त्यांचा स्पीकर बदलून झाला होता, पैसे गेले, तक्रार तशीच. माझ्याकडे आले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते आणि फोन अर्थातच वाजत होता.

"रोज वाजत नाही का आप्पा?"

"रोज नाही रे. कधी वाजतो, कधी नाही. थोरलीचा मात्र कधीही वाजतो, रात्री अकराला केला तरी."

"आणि टेम्पोवाल्याने परत लावला तर?"

"लगेच लावला तर वाजतो. अर्ध्या तासाने लावला तर नाही. त्या पोराला वाटतं मी मुद्दाम उचलत नाही."

चारचा अलार्म रोज वाजतो, हेही त्यांनी सांगितलं. आणि उठता उठता एक गोष्ट सहज बोलून गेले: "पहाटे फोन काळापांढरा दिसतो. बॅटरी वाचवत असेल म्हणून मी सोडून दिलं."

इथे फोन न उघडताच निदान झालं होतं. अलार्म वाजतो पण कॉल वाजत नाही, हा डू नॉट डिस्टर्बचा, म्हणजे कॉल आणि मेसेज शांत ठेवणाऱ्या सोयीचा ठसा आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो अलार्मला हात लावत नाही. लेकीचा फोन कधीही वाजतो, कारण तिचा नंबर तारांकित आहे, म्हणजे कॉन्टॅक्टमध्ये त्याला तारा लावलेला आहे, आणि अँड्रॉइड डू नॉट डिस्टर्बमध्येही तारांकित नंबरांना सहसा वाट देतो. लगेच लावलेला दुसरा कॉल वाजतो, कारण त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला तर काहीतरी निकडीचं असावं असं धरून तो वाजू द्यायचा नियम आहे. अर्धा तास गेला की तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि काळापांढरा स्क्रीन म्हणजे झोपेचा मोड. बॅटरी सेव्हरचा इथे काही संबंध नव्हता.

फोन मराठीत असेल तर हे पान "व्यत्यय आणू नका" या नावाने दिसतं. इंग्रजीत असेल तर Settings मध्ये वर शोधाच्या चौकटीत Do Not Disturb टाइप करा. कंपनीगणिक जागा बदलते, शोध मात्र सगळीकडे चालतो. नव्या अँड्रॉइडमध्ये आणि सॅमसंगमध्ये Modes नावाचं पान असतं, तिथे झोप, ड्रायव्हिंग वगैरे वेगवेगळे मोड असतात आणि त्यातला कुठलाही डू नॉट डिस्टर्ब चालू करू शकतो.

आप्पांच्या फोनमध्ये या पानावर सगळं स्वच्छ होतं. डू नॉट डिस्टर्ब बंद, आतल्या Schedules मधलं झोपेचं वेळापत्रकही बंद. बरेच जण इथेच थांबतात. झोपेचा मोड मात्र दुसरीकडे, Digital Wellbeing मध्ये राहतो, आणि तो आपल्या वेळेला स्वतंत्रपणे डू नॉट डिस्टर्ब चालू करतो. तिथे Bedtime mode चालू होता, रात्री दहा ते सकाळी सात, आणि पर्याय निवडलेला होता While charging at bedtime. म्हणजे त्या वेळेत फोन चार्जिंगला लावला तरच मोड लागायचा. ज्या रात्री आप्पा फोन चार्जरला लावून झोपत, त्या पहाटे फोन मुका. ज्या दिवशी संध्याकाळीच चार्ज करून उशाशी ठेवत, त्या पहाटे तो वाजायचा. "कधी वाजतो, कधी नाही" याचा उलगडा एवढाच होता. फोन नवा घेतला तेव्हा नातवाने सगळ्या विचारलेल्या प्रश्नांना होय म्हणत तो सेट केला होता.

मोड पूर्ण बंद करणं हा सोपा उपाय, पण आप्पांना रात्रीची शांतता हवीच होती. लग्नाच्या आमंत्रणांचे आणि कर्ज देणाऱ्यांचे मेसेज रात्रीही येतात. म्हणून वेळ बदलून रात्री नऊ ते पहाटे पावणेचार केली. शिवाय टेम्पोवाल्याचा नंबर तारांकित केला, म्हणजे तो एखाद्या दिवशी लवकर निघाला तरी अडचण नको. तारांकित केल्यावर डू नॉट डिस्टर्बच्या पानात People मध्ये, Calls खाली तारांकित नंबरांना परवानगी आहे हे एकदा बघून घ्यायला हवं. तिथे कोणालाच परवानगी नाही असं निवडलेलं असेल तर तारा लावून काही होत नाही.

ज्यांचं वेळापत्रक डू नॉट डिस्टर्बच्या स्वतःच्या Schedules मध्ये आहे, त्यांना आणखी एक पर्याय मिळतो: शेवटच्या वेळेआधी अलार्म वाजला तर अलार्मसोबत शांतता संपवायची. ज्यांची उठण्याची वेळ पाळीनुसार बदलते, त्या कारखान्यातल्या आणि हॉस्पिटलातल्या लोकांना मी वेळ बदलायला न सांगता हाच पर्याय चालू करायला सांगतो.

दुरुस्ती झाल्यावर पडताळणी करताना एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. तुम्ही तुमच्या नंबरवरून कॉल करता, वाजत नाही. काहीतरी बदलता, पुन्हा कॉल करता, वाजतो! तुम्हाला वाटतं जमलं. प्रत्यक्षात तो पंधरा मिनिटांतला दुसरा कॉल म्हणून वाजला आहे. त्यामुळे पडताळणीला दरवेळी वेगळा नंबर वापरायचा, आणि तो तारांकित नाही याची खात्री करायची. पहाटेची वाट बघत बसायचीही गरज नाही. वेळापत्रकाची सुरुवात तात्पुरती दोन मिनिटांनंतरची करा, आप्पांच्या फोनसारखी अट असेल तर चार्जर लावा, वरच्या पट्टीत डू नॉट डिस्टर्बचं चिन्ह आलं की कॉल करा. मग खऱ्या वेळा परत टाका.

कॉम्प्युटर आणि केबल हाताशी असेल आणि फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू असेल, तर फोन मुका असतानाच पुढच्या दोन ओळींनी कोण अडवतंय ते कळतं.

```
adb shell settings get global zen_mode
adb shell settings get global mode_ringer
```

पहिल्या ओळीचं उत्तर 0 आलं तर डू नॉट डिस्टर्ब बंद आहे. 1, 2 किंवा 3 आलं तर तो कुठल्या ना कुठल्या रूपात चालू आहे. दुसऱ्या ओळीत 2 म्हणजे रिंग चालू, 1 म्हणजे फक्त व्हायब्रेशन, 0 म्हणजे सायलेंट. दोन्ही उत्तरं सरळ असतील आणि तरी कॉल वाजत नसेल, तर वेळापत्रकाचा नाद सोडून रिंगटोनकडे वळायचं. फोनमधलीच एखादी टोन निवडून बघायची आणि त्या माणसाच्या कॉन्टॅक्टला वेगळी टोन म्हणून "काहीही नाही" लावलेलं नाही ना हे तपासायचं.

वेळेचा काही मेळच बसत नसेल, दिवसातून केव्हाही फोन सायलेंट सापडत असेल, तर हातांकडे आणि खिशाकडे बघा. आयफोनच्या डाव्या बाजूला आवाजाच्या बटणांच्या वर जी छोटी पट्टी असते ती सरकवली की नारिंगी रंग दिसतो. नारिंगी म्हणजे सायलेंट. 2023 च्या आयफोन 15 प्रोपासून ही पट्टी जाऊन तिथे ॲक्शन बटण आलं, आणि 16 मध्ये ते सगळ्या फोनांना मिळालं. त्याला सायलेंटचं काम दिलेलं असेल तर ते जास्त वेळ दाबलं गेलं की फोन मुका होतो, आणि रंग वगैरे काही दिसत नाही. वनप्लसच्या बऱ्याच फोनांना तीन थांब्यांची पट्टी असते: सायलेंट, व्हायब्रेट, रिंग. स्वस्तातलं कव्हर घेतलं की त्या पट्टीपाशी कापलेली खाच तोकडी असते आणि जीन्सच्या खिशात फोन सरकवताना कव्हरची कडच पट्टी ढकलते. माझ्याकडे आलेल्या अशा फोनचं कव्हर काढून दोन दिवस वापरायला सांगतो; तक्रार थांबली तर दोष कव्हरचा. खिशातला कापूस पट्टीच्या खाचेत साचूनही ती मधेच अडकते, तेव्हा कोरड्या मऊ ब्रशने साफ करायची. पाण्याचा किंवा तेलाचा थेंब तिथे कधी टाकायचा नाही.

ज्या अँड्रॉइड फोनला पट्टीच नाही, त्यालाही असाच एक चोरटा रस्ता असतो. पॉवरचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबलं की अनेक फोन व्हायब्रेटवर किंवा सायलेंटवर जातात. स्क्रीनशॉटसाठी पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दाबायचं असतं. बोट चुकलं की स्क्रीनशॉट मिळत नाही आणि रिंग जाते. Settings मध्ये Prevent ringing शोधून हे बंद करता येतं. पिक्सेल आणि इतर काही फोनांत फोन पालथा ठेवला की शांत होण्याची सोय असते. टेबलावर फोन पालथा ठेवायची सवय असलेल्यांची तक्रार ऐकली की मी आधी तेच बघतो.

आयफोनवाल्यांची आणखी एक तऱ्हा आहे. 2021 च्या आयओएस 15 पासून डू नॉट डिस्टर्ब हा Focus चा एक भाग झाला, आणि त्यात Share Across Devices नावाची खूण असते. एकाच ॲपल खात्यावर वडिलांचा फोन आणि घरातला आयपॅड असेल, तर मुलाने अभ्यासाला बसताना आयपॅडवर Focus चालू केला की वडिलांचा फोनही ऑफिसात शांत होतो. फोन कितीही तपासला तरी त्यात कोणतं वेळापत्रक सापडत नाही, कारण ते तिथे नाहीच. Settings मध्ये Focus उघडून ती खूण काढली की प्रश्न मिटतो. इथे दुसऱ्या कॉलची सवलत मात्र अँड्रॉइडपेक्षा तोकडी, तीन मिनिटांची आहे. एखाद्या माणसाचा फोन काहीही झालं तरी वाजायलाच हवा असेल, तर त्याचा कॉन्टॅक्ट एडिट करून Ringtone मध्ये Emergency Bypass चालू करावं. मग पट्टी नारिंगी असली आणि Focus चालू असला तरी तो कॉल वाजतो. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या नंबराला हे करून ठेवायला मी सांगतोच. आणि फक्त अनोळखी नंबर वाजत नसतील, म्हणजे कुरिअरवाला, गॅसवाला, बँक, तर अनोळखी कॉल शांत करण्याचा पर्याय चालू आहे का ते फोनच्या सेटिंगमध्ये बघा. अँड्रॉइडवर हेच काम स्पॅम ओळखणारी ॲप करतात.

आता उरला तो प्रकार ज्यात साधे कॉल व्यवस्थित वाजतात, पण एखाद्याच ॲपचं किंवा एखाद्याच माणसाचं काही वाजत नाही. इथे नोटिफिकेशन चॅनेल येतात. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक ॲपची नोटिफिकेशनं वेगवेगळ्या प्रकारांत विभागलेली असतात, आणि प्रत्येक प्रकाराचा आवाज वेगळा चालू-बंद करता येतो. व्हॉट्सॲपच्या वैयक्तिक मेसेजचा प्रकार वेगळा, ग्रुपचा वेगळा. अँड्रॉइड 11 पासून तर एकेका माणसाच्या संभाषणालाही वेगळं सेटिंग मिळालं.

घोळ होतो तो असा. वरून नोटिफिकेशन बाजूला सारताना बोट मधेच रेंगाळतं, खाली Default आणि Silent असे दोन पर्याय उघडतात, आणि घाईत Silent वर बोट पडतं. त्या क्षणापासून त्या प्रकाराची सगळी नोटिफिकेशनं गुपचूप येतात. मग माणूस व्हॉट्सॲपच्या आत जाऊन टोन बदलत बसतो, आणि काही फरक पडत नाही. कारण चॅनेल एकदा तयार झाला की त्याचा आवाज ठरवायचा हक्क फोनच्या मालकाचा. ॲपने स्वतः तो परत चालू करायची मुभा अँड्रॉइडने ठेवलेली नाही. हे चांगल्यासाठीच केलं आहे, नाहीतर आपण गप्प केलेल्या जाहिराती दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलू लागल्या असत्या. पण त्यामुळे दुरुस्ती ॲपमध्ये होत नाही, फोनच्या सेटिंगमध्येच करावी लागते.

ज्या माणसाचा किंवा ॲपचा मेसेज वाजत नाही त्याचं नोटिफिकेशन आलं की ते लगेच सारून टाकू नका, त्यावर बोट दाबून धरा. नेमका तो चॅनेल उघडतो आणि Silent असेल तर Default करता येतं. ॲपची संपूर्ण यादी धुंडाळण्यापेक्षा हा रस्ता जवळचा, कारण चॅनेलची नावं वाचून कुठला कशाचा हे ओळखणं अवघड असतं. शिक्षिका असलेल्या एका ताईंच्या फोनवर बँकेचे ओटीपी वाजायचे, मुख्याध्यापकांचे मेसेज वाजायचे नाहीत. व्हॉट्सॲपमध्ये सगळं ठीक होतं. मुख्याध्यापकांच्या मेसेजवर बोट दाबून धरल्यावर त्या एकट्या संभाषणाला Silent लागलेलं निघालं. "हे मी केलं असं सरांना सांगू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

व्हॉट्सॲपचा कॉल वाजत नसेल तर त्याची टोन व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Notifications खाली, कॉलच्या भागात असते; तिथे ती "काहीही नाही" झालेली नाही ना, आणि वरच्या रीतीने चॅनेल गप्प नाही ना, या दोन्ही गोष्टी बघा. साध्या सिमवरच्या कॉलसाठी मात्र चॅनेल तपासत वेळ घालवू नका. त्याची रिंग फोनची यंत्रणा स्वतः वाजवते. फोन ॲपची नोटिफिकेशनं बंद झाली तर उलटाच प्रकार दिसतो: रिंग वाजते, पण कॉल कोणाचा हे स्क्रीनवर येत नाही.

एवढं करूनही डू नॉट डिस्टर्ब आपोआप चालू होताना सापडला, तर कोणीतरी दुसरं ॲप ते करतंय. Settings मध्ये Do Not Disturb access शोधा. इथे ज्या ॲपांना परवानगी आहे ती डू नॉट डिस्टर्ब चालू-बंद करू शकतात. गेमचा मोड, गाडी चालवतानाचं ॲप, मनगटी घड्याळाचं ॲप, अभ्यासाचा टायमर असले पाहुणे या यादीत असतात. घड्याळाचं विशेष बघा: त्यात फोनसोबत डू नॉट डिस्टर्ब जुळवून घेण्याची खूण असते, आणि घड्याळावर चुकून केलेली शांतता फोनवर येऊन बसते. सगळ्यांची परवानगी एकदम काढू नका, नाहीतर कोण दोषी होतं ते कळणार नाही. एकाची काढा, एक दिवस फोन नेहमीसारखा वापरा, मग दुसऱ्याची.